गुळाची ढेप आणि कागदावरची तारीख

दिवाळी सरता सरता करवीर-पन्हाळा भागातली गुऱ्हाळं धडधडू लागतात. चुलवाणात वाळलेली चिपाडं ढकलली जातात, काहिलीत उसाचा रस खदखदतो आणि वर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने सतत बाजूला काढत असतो. रस निवळावा म्हणून कुणी भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतं, कुणी चुन्याची निवळी. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी त्यात ‘हायड्रोस’ची पांढरी पावडरही पडते. साच्यातून निघालेली ढेप मात्र यातलं काहीच सांगत नाही. ऊस शेणखतावर वाढला की युरियावर, रसात भेंडी होती की पावडर, हे ढेप फोडून, चाखून किंवा हुंगून खात्रीने ओळखणारा माणूस नाही. गडद रंग म्हणजे सेंद्रिय, असा एक समज आहे. पण चुलवाणाचा जाळ जास्त झाला तरी गूळ काळपट होतो.

म्हणून घाऊक खरेदीदार ढेपेबरोबर एक कागदही विकत घेत असतो. वरचे पैसे तो त्या कागदासाठीच मोजतो. आणि तो कागदच नीट वाचायचा राहून जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात चिक्की आणि तिळाचे लाडू करणारा एक लघुउद्योग आहे. तो चालवणाऱ्या ताईंना संक्रांतीच्या मालासाठी १० टन सेंद्रिय गूळ हवा आहे. कोल्हापूरच्या एका पुरवठादाराशी नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात फोनवर बोलणं झालं, भाव ठरला, डिसेंबरअखेर माल पोचवायचं ठरलं. “ताई, सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपला टाकलंय, बघून घ्या. निम्मा अ‍ॅडव्हान्स सोडला की माल बाजूला काढून ठेवतो.” मोबाइलवर पीडीएफ उघडली. वर सेंद्रिय प्रमाणन संस्थेचं बोधचिन्ह, खाली सही, कोपऱ्यात क्यूआर कोड, मधोमध ठळक अक्षरांत ‘स्कोप सर्टिफिकेट’. सगळं जिथल्या तिथे. कागद खराही आहे, बनावट नाही. तरीही या कागदाच्या आधारावर हा गूळ ‘सेंद्रिय’ म्हणून घेता येत नाही. का, ते कागदाच्या आतच लिहिलेलं आहे.

आधी हा कागद येतो कुठून ते पाहू. भारतात सेंद्रिय मालाच्या प्रमाणनाच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, म्हणजे एनपीओपीची. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने तो २००१ मध्ये सुरू केला आणि अपेडा ही संस्था तो चालवते. यात मान्यताप्राप्त प्रमाणन संस्था शेताची किंवा कारखान्याची तपासणी करते आणि स्कोप सर्टिफिकेट देते. दुसरी वाट पीजीएस-इंडियाची. ती कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि तिच्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतात. २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार देशात एखादा पदार्थ ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकायचा तर या दोनपैकी एका वाटेने आलेला असावा लागतो. शेतकरी स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकतो तिथे सूट आहे. १० टनांच्या सौद्याला ती सूट लागू पडण्याचा प्रश्नच नाही.

‘स्कोप’ या शब्दाचा सरळ अर्थ व्याप्ती. कुणी, कुठे, कोणतं काम, कोणत्या मालासाठी आणि कोणत्या मुदतीत केलं तर ते या प्रमाणपत्राच्या छत्राखाली येतं, एवढंच ते सांगतं. समोरचा माणूस ‘सेंद्रिय’ आहे किंवा त्याच्याकडचा सगळा माल सेंद्रिय आहे, असं ते म्हणत नाही.

ताईंच्या मोबाइलवरच्या कागदात कामाचा प्रकार लिहिला आहे ‘पीक उत्पादन’. पुरवणीत मालाची यादी आहे: ऊस, हळद, सोयाबीन. गूळ नाही. सौदा खरं तर इथेच थांबायला हवा, कारण प्रमाणपत्र उसाचं आहे आणि विकला जातोय गूळ. पुरवठादार यावर म्हणेल, “अहो, त्याच उसाचा गूळ आहे की!” तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण मधे गुऱ्हाळ आहे.

गुऱ्हाळ ही प्रक्रिया आहे, आणि प्रक्रियेला स्वतंत्र प्रमाणन लागतं. कोल्हापूर भागात बरेच शेतकरी स्वतःचा ऊस दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर मजुरी देऊन गाळून घेतात. सकाळी त्या काहिलीत शेजाऱ्याचा रासायनिक खतावरचा ऊस आटवलेला असतो, दुपारी सेंद्रिय. चरकात मागच्या उसाचा रस, काहिलीच्या कडेला मागच्या आधणाचा थर, गोदामात दोन्ही ढेपा एकाच थप्पीत. रसात काय टाकायचं हे गुळव्या सवयीने ठरवतो आणि त्याच्या हाताशी हायड्रोसची पिशवी असू शकते. प्रक्रियेचं प्रमाणन असलेल्या गुऱ्हाळात तपासणीस नेमकं हेच पाहतो. सेंद्रिय उसाआधी चरक आणि काहील धुतली का, त्याची नोंद आहे का, रस निवळायला काय वापरलं, त्या पिशव्यांच्या पावत्या आहेत का, सेंद्रिय ढेपांवर लॉट क्रमांक घातला का, त्या वेगळ्या ठेवल्या का. हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, सेंद्रिय प्रक्रियेत चालत नाही. तेव्हा उसाचं प्रमाणपत्र शेताच्या बांधापर्यंतच येतं. तिथून पुढे गुळापर्यंतचा प्रवास दाखवणारा कागद वेगळा असायला हवा आणि त्यावर ‘प्रक्रिया’ हा प्रकार आणि ‘गूळ’ हा पदार्थ, दोन्ही छापलेले असायला हवेत.

हेच सगळीकडे घडतं. तुरीचं प्रमाणपत्र दाखवून तूरडाळ विकली जाते, पण भरडणारी मिल प्रमाणित नसते. हळकुंडाचं प्रमाणपत्र असतं आणि पोत्यात हळद पावडर असते. ‘अहो तेच ते’ हे वाक्य ऐकू आलं की खरेदीदाराने पुरवणी पुन्हा उघडावी.

आता नावाकडे येऊ. प्रमाणपत्र कुणाच्या नावाने आहे? ताईंना आलेल्या कागदावर एका शेतकरी गटाचं नाव आहे आणि पुरवठादाराचं बिल निघणार आहे त्याच्या स्वतःच्या ट्रेडिंग फर्मच्या नावाने. विचारल्यावर तो सांगतो, मी त्या गटाचा सभासद आहे. गट प्रमाणनात २५ ते ५०० शेतकरी मिळून एकच प्रमाणपत्र घेतात, कारण दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला एकट्याने तपासणीचा खर्च झेपत नाही. व्यवस्था चांगली आहे. पण ते प्रमाणपत्र गटाचं असतं, एकेका सभासदाचं नव्हे. गटाच्या नोंदीतून, गटामार्फत विकलेला मालच त्या छत्राखाली येतो. सभासदाने परस्पर विकलेला ऊस किंवा गूळ त्या कागदाच्या जोरावर सेंद्रिय ठरत नाही. आणि गटाकडून घेऊन पुढे विकणारी फर्म असेल तर तिच्या नावाने व्यापाराचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. बिलावरचं नाव आणि पत्ता, प्रमाणपत्रावरचं नाव आणि पत्ता, हे अक्षरशः शेजारी ठेवून वाचायचं. ‘अमुक ट्रेडर्स’ आणि ‘अमुक अ‍ॅग्रो ट्रेडर्स’ या दोन वेगळ्या संस्था असू शकतात.

पुरवणीत आणखी एक रकाना असतो आणि घाईत तोच सुटतो. पिकाचा दर्जा. ‘ऑरगॅनिक’ की ‘रूपांतरण काळ’. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळलेल्या जमिनीला हंगामी पिकांसाठी पेरणीच्या आधी किमान २ वर्षं आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीच्या आधी किमान ३ वर्षं थांबावं लागतं. या काळातही शेत नोंदलेलं असतं, तपासणी होते आणि स्कोप सर्टिफिकेट मिळतं. म्हणजे कागद खरा, संस्था खरी, शेतकरी प्रामाणिक, आणि माल अजून सेंद्रिय नाही. पीजीएसमध्येही असाच फरक आहे. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ म्हणजे वाटेवर असलेला शेतकरी, ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ म्हणजे पोचलेला. हिरवा शिक्का पाहून अनेकांना दोन्ही सारखेच वाटतात. रूपांतरणातला माल घेऊ नये असं मुळीच नाही. ही २-३ वर्षं शेतकऱ्याला सगळ्यात जड जातात, उत्पादन घटलेलं असतं आणि भाव मिळत नसतो. त्याचा माल जरूर घ्यावा, पण पाकिटावर त्याला सेंद्रिय म्हणू नये.

मुदतीचा भाग वाटतो तितका सोपा नाही. एनपीओपीचं स्कोप सर्टिफिकेट साधारण वर्षभरासाठी असतं. ताईंच्या हातातल्या कागदावर ‘१५ नोव्हेंबर २०२४ ते १४ नोव्हेंबर २०२५’ असं छापलं आहे. सौदा झाला ७ नोव्हेंबरला. त्या दिवशी कागद वैध होता आणि फोनवर बोलणाऱ्या दोघांनाही तसंच वाटलं. पण ऊस तुटणार डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, गूळ तयार होणार त्यानंतर, आणि ट्रक निघणार डिसेंबरअखेर. या तिन्ही दिवशी तो कागद संपलेला असेल. सौद्याच्या तारखेला इथे काही अर्थ नाही. पाहायच्या त्या तीन तारखा: पीक काढलं ती, माल तयार झाला ती आणि माल निघाला ती.

उलटंही घडतं. नवंकोरं, कालच मिळालेलं प्रमाणपत्र दाखवून गोदामात गेल्या हंगामापासून पडलेला गूळ विकला जातो. मुदत वैध असते, पण माल मुदतीच्या आधीचा असतो. ढेपेच्या बारदानावरचा लॉट क्रमांक आणि तयार झाल्याची तारीख विचारली की हे उघड होतं.

“नूतनीकरणाला टाकलंय, आठ दिवसांत येईल,” हे उत्तर बऱ्याचदा खरं असतं. तपासणी हंगामात होते, अहवाल उशिरा जातो. पण नूतनीकरण म्हणजे नुसती तारीख बदलणं नव्हे. नव्या तपासणीत एखादं पीक यादीतून गळू शकतं, एखादा गट क्रमांक बाद होऊ शकतो, शेजारच्या फवारणीचा अंश सापडून दर्जा खाली येऊ शकतो. म्हणून जुना कागद आणि नवा अर्ज जोडून प्रमाणपत्र होत नाही. आधीच्या वैध काळात तयार झालेल्या, नोंदलेल्या साठ्याचं काय करायचं हे प्रमाणन संस्था ठरवते, विक्रेता नाही. तिचं लेखी उत्तर मिळेपर्यंत पैसे थांबवणं एवढंच खरेदीदाराच्या हातात असतं.

शिवाय मुदत शिल्लक असतानाही प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफला याची खबर नसते. ती सहा महिन्यांपूर्वी जशी होती तशीच दिसते. म्हणून कागद आला की त्यावरचा क्रमांक आणि संस्थेचं नाव उतरवून घ्यायचं आणि मूळ ठिकाणी जाऊन विचारायचं.

मूळ ठिकाण कोणतं, याचं उत्तर एका खऱ्या प्रकरणातून मिळतं. सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक सांभाळणाऱ्या ‘गॉट्स’ या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की भारतातला सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला आहे. कापूस खाण्याचा माल नाही, पण त्याच्या सेंद्रियपणाचे कागद याच एनपीओपीच्या व्यवस्थेतले. खोट्या कागदांवर क्यूआर कोड होते आणि ते स्कॅन केले की सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडत होती. तपासणाऱ्याने मोबाइल धरला, पडद्यावर हिरवी खूण पाहिली आणि समाधानाने पुढे गेला. ११ कंपन्यांवर प्रमाणनबंदी आली. क्यूआर कोड स्कॅन करणं म्हणजे कागद देणाऱ्यानेच दाखवलेल्या दारातून आत जाणं. त्याऐवजी apeda.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करावा. तिथे मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थांची यादी असते. आधी त्या यादीत आपली संस्था आहे का आणि तिची स्वतःची मान्यता चालू आहे का ते पाहायचं, मग यादीतल्याच ई-मेल पत्त्यावर लिहायचं. प्रमाणपत्रावर छापलेल्या फोन नंबरवर विचारू नये. कागद खोटा असेल तर नंबरही त्याच हाताने छापलेला असतो.

पत्र चार ओळींचं पुरतं. “अमुक क्रमांकाचं स्कोप सर्टिफिकेट तुमचंच आहे का? आज वैध आहे की निलंबित? त्यात प्रक्रिया या प्रकाराखाली गूळ आहे का? या धारकाच्या नावावर १० टन गुळाची टीसी निघू शकते का?” शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि तो क्वचितच कुणी विचारतं.

टीसी म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, व्यवहाराचं प्रमाणपत्र. स्कोप सर्टिफिकेट सांगतं की हा माणूस सेंद्रिय गूळ बनवू शकतो. टीसी सांगते की हा १० टन गूळ, या लॉटचा, या बिलाने, याने याला विकला आणि तो त्याच्या प्रमाणित साठ्यातूनच गेला. ती प्रमाणन संस्था देते, प्रत्येक व्यवहारासाठी वेगळी. अपेडाच्या ‘ट्रेसनेट’ या संगणकीय नोंदवहीत शेताचं क्षेत्र, अपेक्षित उत्पादन आणि विकलेलं प्रमाण असतं. टीसी निघाली की तेवढा माल विक्रेत्याच्या खात्यातून वजा होतो आणि खरेदीदाराच्या नावावर चढतो. बँकेच्या पासबुकासारखी ही वही आहे, शिलकीपेक्षा जास्त काढता येत नाही. स्कोप सर्टिफिकेट मात्र वर्षभर दहा जणांना, शंभर जणांना दाखवता येतं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलाच माल त्यातला.

इथे थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. ताईंच्या कागदाच्या पुरवणीत उसाचं क्षेत्र ४ हेक्टर, म्हणजे साधारण १० एकर, आणि अपेक्षित उत्पादन ३२० टन दिलं आहे. एक टन उसातून चांगल्या गुऱ्हाळात ११० किलोच्या आसपास गूळ निघतो. सगळा ऊस गुऱ्हाळालाच गेला, बेण्यासाठी एक कांडीही ठेवली नाही असं धरलं तरी गूळ होईल ३५ टन. गप्पांच्या ओघात पुरवठादाराने सांगितलं होतं की मुंबईच्या दोन दुकानांना २० टन दिलाय आणि नाशिकला ८ टन चाललाय. त्यात ताईंचे १० मिळवले की होतात ३८. वरचे ३ टन कोणत्या शेतातून येणार? गणितात थोडं मागेपुढे होऊ शकतं, एखाद्या वर्षी ऊस जास्त भरतो, उतारा वाढतो. पण आकडे जवळ आले किंवा ओलांडले की ‘बाकी शिल्लक किती?’ हे प्रमाणन संस्थेलाच विचारावं. क्षेत्र, हेक्टरी उत्पादन आणि उतारा हे तीन आकडे गुणायला दोन मिनिटं लागतात.

अमेरिकेत हे गणित न केल्याची किंमत मोठी ठरली. मिसुरी राज्यातल्या रँडी कॉन्स्टंट या धान्य व्यापाऱ्याकडे प्रमाणित शेतं खरोखर होती, प्रमाणपत्र खरं होतं. पण त्या कागदाआड त्याने साधा मका आणि सोयाबीन सेंद्रिय म्हणून विकलं. २०१० ते २०१७ या काळात त्याची विक्री १४ कोटी डॉलरच्या वर गेली. २०१९ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. खोटा कागद शोधणाऱ्याला त्याच्याकडे काही सापडलं नसतं, कारण खोटं होतं ते प्रमाण.

व्याप्तीचा आणखी एक पदर निर्यातीच्या वेळी उघडतो, आणि परदेशातल्या मराठी दुकानांना माल पाठवणाऱ्या लहान निर्यातदारांना तो उशिरा कळतो. प्रमाणपत्र कोणत्या देशात चालतं, हीसुद्धा व्याप्तीच आहे. भारताच्या यंत्रणेला अमेरिकेने दिलेली मान्यता जानेवारी २०२१ मध्ये काढून घेतली आणि जुलै २०२२ मध्ये सवलतीची मुदतही संपली. तेव्हापासून तिथे सेंद्रिय म्हणून विकायचं तर अमेरिकी मानकाचं थेट प्रमाणन लागतं. युरोपीय संघाने एनपीओपीला समतुल्यता दिली ती प्रक्रिया न केलेल्या वनस्पतिजन्य मालापुरती. गूळ हा प्रक्रिया केलेला पदार्थ आहे. म्हणजे देशात पूर्ण वैध असलेला सेंद्रिय गुळाचा कागद न्यू जर्सीच्या दुकानात कामाचा नाही, आणि नुसत्या त्याच्या भरवशावर युरोपातही जाता येत नाही.

अन्नाच्या इतर दर्जापत्रांनाही हीच नजर लागते. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक पाकिटावर असला म्हणजे तो माल त्या परवान्यात बसतो असं नाही. परवाना ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक प्रकारच्या व्यवसायासाठी असतो; foscos.fssai.gov.in वर क्रमांक टाकून ते पाहता येतं. अ‍ॅगमार्कचं अधिकारपत्रही ठरावीक शेतमालासाठी आणि ठरावीक जागेसाठीच मिळतं. ‘आयएसओ २२०००’चा फलक भिंतीवर असला तरी त्या प्रमाणपत्रात व्याप्तीचं एक वाक्य असतं, आणि त्यात ‘मसाले दळणे व भरणे’ असेल तर शेजारच्या शेडमधला गूळ त्यात येत नाही. आणखी एक गल्लत नेहमी होते. प्रयोगशाळेचा कीटकनाशक-अंश अहवाल म्हणजे सेंद्रिय प्रमाणपत्र नव्हे. अहवाल सांगतो की आणून दिलेल्या नमुन्यात अमुक रसायनं सापडली नाहीत. नमुना कुठल्या ढेपेचा, खत कोणतं घातलं, हे तो सांगू शकत नाही. तो पूरक पुरावा म्हणून घ्यावा, आणि नमुना स्वतः काढून पाठवावा.

ताईंकडे परत येऊ, कारण त्यांचीही एक बाजू कागदावर येते. समजा सगळं जमलं, टीसी मिळाली, १० टन गूळ पुण्यात उतरला. त्यातल्या काही ढेपा फोडून, अर्ध्या किलोच्या पुड्या बांधून त्यांनी स्वतःच्या नावाने ‘सेंद्रिय गूळ’ म्हणून विकल्या, किंवा चिक्कीच्या पाकिटावर ‘ऑरगॅनिक’ छापलं, तर आता प्रक्रिया करणाऱ्या आणि पॅक करणाऱ्या त्या स्वतः झाल्या. साखळी त्यांच्या दारात तुटते. बंद पाकीट आणून जसंच्या तसं विकणाऱ्या दुकानदाराची गोष्ट वेगळी. पण पोतं फोडलं, माल बदलला, नवं लेबल लावलं की स्वतःचं प्रमाणन लागतं. चिक्कीतल्या तिळाचा आणि शेंगदाण्याचा हिशेबही मग तसाच द्यावा लागतो. हे आधी कळलं तर सेंद्रिय गुळासाठी वरचे पैसे मोजायचे का, हा निर्णयच वेगळा होतो.

समजा, ताईंनी निम्मा अ‍ॅडव्हान्स सोडला नाही. प्रमाणन संस्थेला पाठवलेल्या चार ओळींना तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: प्रमाणपत्र आमचंच आहे, ते ऊस, हळद आणि सोयाबीनसाठी आहे, गुळाची टीसी यावर निघू शकत नाही. उत्तर पुरवठादाराला पाठवल्यावर तो चिडला नाही. गुऱ्हाळाचं वेगळं प्रमाणन लागतं हे त्यालाच माहीत नव्हतं. असं खरोखर होतं; या साखळीतले सगळेच लबाड नसतात, अनेकांना आपल्या कागदाची हद्द ठाऊक नसते. शेवटी सौदा असा बदलला: ६ टन गूळ साध्या गुळाच्या भावाने, हायड्रोस न वापरता केलेला, पाकिटावर ‘सेंद्रिय’ हा शब्द न छापता. उरलेले ४ टन प्रक्रियेचं प्रमाणपत्र असलेल्या दुसऱ्या गुऱ्हाळाकडून. खरेदीच्या पत्रात दोन अटी घातल्या. बिलाच्या ८० टक्के रक्कम टीसी हातात आल्यावर मिळेल, आणि मधेच प्रमाणपत्र निलंबित झालं, संपलं किंवा यादीतून गूळ गळला तर विक्रेत्याने माल निघण्याआधी लेखी कळवायचं.

तुमच्याकडे पुढच्या हंगामासाठी असा एखादा कागद आला असेल, तर पैसे पाठवण्याआधी त्याची पुरवणी मागून घ्या. बहुतेक वेळा पहिलंच पान पाठवलेलं असतं, आणि मालाची यादी असते दुसऱ्या पानावर.